पाच गोळ्यांची चिठ्ठी: लेट्रोझोल पहिल्यांदा सुरू करताना

(भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं बोलले तसंच बरंचसं ठेवलं आहे.)

रहाटणीत माझं मेडिकल आहे. आज मी एका गोळीबद्दल बोलणार आहे. ती घ्यायला येणाऱ्या मुली बहुतेक पंचविशी-तिशीतल्या असतात. चिठ्ठी पुढे करतात, पैसे देतात, आणि दहा मिनिटांनी यातल्या काहीजणी परत येतात. हातात मोबाईल, चेहरा उतरलेला. "मॅडम, ही कॅन्सरची गोळी आहे का? चुकून दिली का?"

गोळीचं नाव लेट्रोझोल. चुकून दिलेली नसते. पण प्रश्न बरोबर असतो, कारण गुगलवर नाव टाकलं की पहिलं उत्तर स्तनाच्या कर्करोगाचंच येतं. आणि आपल्याकडे बऱ्याचदा स्ट्रिप कापून पाचच गोळ्या हातात मिळतात, माहितीचा कागद खोक्यातच राहतो. तो मिळाला तरी बारीक इंग्रजीत, आणि त्यात लिहिलेलं असतं की पाळी चालू असलेल्या बाईने किंवा गरोदर बाईने ही घेऊ नये. म्हणजे जिला दिलंय तिनेच घेऊ नये, असं वाचल्यासारखं होतं.

म्हणून मी मराठीत एक साधं पत्रक लिहिलं. गोळ्यांच्या पिशवीत टाकता येईल असं, एका पानाचं. आज ते वाचून दाखवते आणि प्रत्येक ओळीमागचं कारण सांगते. हे पत्रक फक्त एकाच बाईसाठी आहे: जिची पाळी अनियमित आहे, पीसीओडी आहे, मूल हवंय, आणि डॉक्टरांनी पहिल्यांदाच लेट्रोझोल लिहून दिली आहे.

पत्रकाची पहिली ओळ: "एकच गोळी, दोन वेगळी कामं."

आपल्या शरीरात अरोमाटेज नावाचं एक एन्झाइम असतं. पुरुषी म्हणतो ती हार्मोन्स बायकांच्या शरीरातही थोडी असतात. हे एन्झाइम त्यांच्यापासून इस्ट्रोजेन बनवतं. लेट्रोझोल हे एन्झाइम अडवते. म्हणजे इस्ट्रोजेन कमी होतं.

आता पाळी बंद झालेली एखादी काकू आहे, तिच्या स्तनातली गाठ इस्ट्रोजेनवर वाढणारी आहे. तिला इस्ट्रोजेन सतत कमी हवंय. म्हणून ती रोज एक गोळी घेते, साधारण पाच वर्षं, कधी त्याहून जास्त.

तुमचं काम वेगळं आहे. तुम्हाला इस्ट्रोजेन फक्त काही दिवस खाली न्यायचंय. ते खाली गेलं की मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीला वाटतं, अंडाशय काम करत नाहीये. मग ती एफएसएच नावाचं हार्मोन जास्त सोडते. एफएसएच अंडाशयाला सांगतं, बीज वाढव. पीसीओडीमध्ये छोटी छोटी बीजं भरपूर असतात, पण एकही पुढे जात नाही. हा धक्का मिळाला की त्यातलं एखादं पुढे निघतं. पाच दिवसांनी गोळी बंद, इस्ट्रोजेन परत चढतं, एफएसएच आपोआप उतरतं. त्यामुळे सहसा एकच बीज पूर्ण वाढतं, बाकीची मागे राहतात.

गोळी तीच, २.५ मिलिग्रॅमचीच. म्हणून एक गोष्ट मी मुद्दाम लिहिली आहे. एकाच घरात सासूबाईंची कर्करोगाची लेट्रोझोल आणि सुनेची पाच दिवसांची लेट्रोझोल असू शकते. एकमेकींच्या स्ट्रिपमधून घेऊ नका. तुमच्या पाच दिवसांनंतर थांबायचंच आहे. आणि "सुनेने पाच दिवसांत बंद केली, मग मीही करते" असं सासूबाईंनी करायचं नाही.

दुसरी ओळ: "बंदी होती. आता नाही."

मोबाईलवर शोधलं की "लेट्रोझोलवर भारतात बंदी" अशी जुनी बातमी हमखास सापडते. ती खरी आहे, पण अर्धी आहे.

वंध्यत्वासाठी ही गोळी पहिल्यांदा वापरली ती टोरांटोच्या डॉक्टरांनी. मितवल्ली आणि कॅस्पर यांनी २००१ मध्ये ते प्रसिद्ध केलं. मग २००५ मध्ये माँट्रियलच्या एका गटाने परिषदेत सांगितलं की या गोळीनंतर जन्मलेल्या बाळांमध्ये हृदयाचे आणि हाडांचे दोष जास्त दिसतात. बाळं होती १५०. पण त्यांची तुलना ज्या बाळंतपणांशी केली ती आधीच कमी धोक्याची होती, आणि तो अभ्यास पूर्ण शोधनिबंध म्हणून कधी आलाच नाही. भीती मात्र जगभर पसरली.

पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, कॅनडातल्याच पाच केंद्रांनी ९११ बाळांची माहिती तपासली. सगळ्या आयांनी एक तर लेट्रोझोल घेतली होती, नाहीतर क्लोमिफीन, म्हणजे त्याच कामाची जुनी गोळी. दोष आढळले लेट्रोझोलच्या गटात २.४ टक्के, क्लोमिफीनच्या गटात ४.८ टक्के. म्हणजे नवी गोळी जुनीपेक्षा वाईट ठरली नाही.

तरी आपल्याकडे १२ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र सरकारने वंध्यत्वासाठी लेट्रोझोल वापरायला बंदी घातली. कर्करोगासाठी ती चालूच राहिली. मग २०१४ मध्ये अमेरिकेतला मोठा अभ्यास आला, पीसीओएस असलेल्या ७५० स्त्रियांचा. निम्म्यांना लेट्रोझोल, निम्म्यांना क्लोमिफीन, जास्तीत जास्त पाच महिने. लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के बायकांना मूल झालं, क्लोमिफीन घेणाऱ्यांपैकी १९.१ टक्के. २०१७ मध्ये भारताने ही बंदी उठवली. आज पीसीओएसच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये बीज तयार करण्यासाठी हेच पहिलं औषध आहे.

आता त्या आकड्याकडे नीट बघा. पाच महिने घेऊनही शंभरातल्या साधारण सत्तावीस जणींना. म्हणजे पहिल्याच महिन्यात नाही झालं तर ते नेहमीचंच आहे. आणि त्या अभ्यासातल्या बायका सरासरीने आपल्याकडच्यापेक्षा बऱ्याच वजनदार होत्या, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा स्वतःला लावू नका.

तिसरी ओळ: "पहिली गोळी घेण्याआधी खात्री करा की तुम्ही आधीच गरोदर नाही."

पत्रकातली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच. बाळाचे अवयव तयार होत असताना ही गोळी पोटात असू नये, म्हणूनच कागदावर ती गरोदर बाईला मना केलेली आहे.

पाच दिवसांच्या गोळ्यांत हा धोका टळतो तो वेळेमुळे. लेट्रोझोल साधारण दोन दिवसांत निम्मी होते, पुढच्या दोन दिवसांत त्याच्या निम्मी. शेवटच्या गोळीनंतर आठ दिवसांनी बीज बाहेर पडलं, तर तेव्हा सोळाव्या हिश्शाइतकीच उरलेली असते. गर्भ गर्भाशयाला चिकटायला आणखी सहा-सात दिवस लागतात. तोवर शंभरावा हिस्साही राहत नाही.

पण हे गणित कधी बिघडतं? पीसीओडीमध्ये पाळी दोन-दोन महिने येत नाही. मग एक दिवस थोडा डाग दिसतो आणि मुलगी म्हणते, "आली पाळी", आणि गोळ्या सुरू करते. तो डाग गरोदरपणातलाही असू शकतो. म्हणून पाळी नेहमीपेक्षा फार कमी आली, नुसते तपकिरी डाग पडले, एक-दोन दिवसांत थांबली, तर आधी घरी यूपीटी करा आणि डॉक्टरांना फोन करा. पाळी आणण्यासाठी डॉक्टर पाच ते दहा दिवसांच्या वेगळ्या गोळ्या देतात, त्यांच्याआधीही यूपीटी करून घ्यायची असते.

चौथी ओळ: "दिवस मोजताना डाग मोजू नका."

चिठ्ठीवर लिहिलेलं असतं "दिवस ३ ते ७" किंवा "२ ते ६". दोन्ही बरोबर आहेत, तुमच्या डॉक्टरांनी लिहिलंय तेच करा. गोंधळ होतो तो दिवस एक कोणता यावर. दिवस एक म्हणजे नीट लाल रक्तस्राव सुरू झाला, पॅड लावावंच लागलं, तो दिवस. आदल्या दिवशीचे डाग धरायचे नाहीत. रात्री उशिरा सुरू झाली तर बरेच डॉक्टर दुसरा दिवस एक धरतात. तुमचे काय धरतात ते आधीच विचारून ठेवा.

गोळी रोज एकाच वेळी घ्या. जेवणाआधी घेतली काय, नंतर घेतली काय, फरक पडत नाही. विसरलात आणि त्याच दिवशी आठवलं तर लगेच घ्या. अख्खा दिवस गेला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका, डॉक्टरांना विचारा. पाच संपल्या की संपल्या. चिठ्ठीत दोन गोळ्या एकदम लिहिल्या असतील, म्हणजे ५ मिलिग्रॅम, तर दहा गोळ्या मिळाल्यात का ते काउंटरवरच मोजून घ्या. आमच्याकडे ५ मिलिग्रॅमची एक गोळीही येते. स्ट्रिपवरचा आकडा आणि चिठ्ठीवरचा आकडा जुळतोय ना, एवढं बघाच.

आता एक महिना पूर्ण मोजून बघू.

समजा सायली. नाव मी बनवलेलं आहे, पण अशा मुली रोज येतात. वय २८, राहायला काळेवाडी फाट्याकडे. नवरा चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत, दर आठवड्याला शिफ्ट बदलते. सायलीची पाळी दीड-दोन महिन्यांनी येते. थायरॉइड, साखर तपासून झालंय, नवऱ्याची वीर्यतपासणी झालीय. ती करूनच घ्या, कारण अडचण तिकडे असेल तर बाईने एकटीने गोळ्या खाऊन काही होत नाही. फॉलिक ॲसिड चालू आहे.

एक तारखेला रात्री अकराला रक्तस्राव सुरू झाला. डॉक्टरांच्या नियमाप्रमाणे दोन तारीख हा दिवस एक. तिसरा दिवस म्हणजे चार तारीख. चार, पाच, सहा, सात, आठ, रोज रात्री जेवून एक गोळी.

बारा तारखेला, म्हणजे अकराव्या दिवशी, फॉलिक्युलर स्टडीची पहिली सोनोग्राफी. ही बहुतेक वेळा आतून, योनीमार्गातून करतात, लघवी करून मोकळं होऊन जायचं असतं. रिपोर्टमध्ये आलं, उजवीकडे एक फॉलिकल १४ मिलिमीटर. फॉलिकल म्हणजे बीज ज्या पाण्याच्या पिशवीत असतं ती. या टप्प्यावर ती रोज दीड-दोन मिलिमीटर वाढते. म्हणून परत बोलावलं चौदा तारखेला. तेव्हा १८. अठरा ते वीसच्या आसपास ती फुटायला तयार होते. आपल्याकडे म्हणतात ना, "अंडं फुटलं का?", ते हेच.

चौदालाच रात्री नऊ वाजता एचसीजीचं इंजेक्शन दिलं. हे सगळ्यांनाच देतात असं नाही. दिलं तर साधारण ३६ तासांनी बीज बाहेर येतं, म्हणजे सोळाला सकाळी नऊच्या सुमारास.

आता नवऱ्याची त्या आठवड्यात रात्रपाळी. सायलीला वाटलं, सोळाला सकाळी तो सात-साडेसातला चाकणहून परत येतोय, तेवढी एकच वेळ जमवायची. तसं नाही. बीज बाहेर आल्यावर बारा ते चोवीस तासच टिकतं. शुक्राणू मात्र आत तीन ते पाच दिवस जगू शकतात. त्यामुळे बीजाच्या आधी त्यांनी तिथे असलेलं बरं. चौदा, पंधरा, सोळा यातले दोन दिवस जमले तरी चालतं, वेळ दुपारची असली तरी चालते. रात्रपाळीच्या घरात याचा ताण फार येतो. म्हणून पाळी आली त्याच दिवशी कॅलेंडरवर अकरावा ते सोळावा दिवस मोजून नवऱ्याला दाखवा. शिफ्ट बदलून घ्यायची असेल तर सुपरवायझरला सांगायला दहा दिवस मिळतात.

घरी ओव्ह्युलेशन किट वापरायची का? पीसीओडी असेल तर जपून. त्या पट्टीवर एलएच हार्मोन दिसतं, आणि पीसीओडीमध्ये ते मुळातच जास्त असू शकतं. बीज तयार नसतानाही दोन रेघा येतात. सोनोग्राफी चालू असेल तर पट्टीवर पैसे घालवू नका.

तेवीसला डॉक्टरांनी प्रोजेस्टेरॉनची रक्ततपासणी सांगितली. चिठ्ठीवर पुष्कळदा "दिवस २१" लिहितात, पण खरा हिशोब बीज फुटल्यानंतर सात दिवसांचा. सायलीच्या बाबतीत तो बाविसावा दिवस येतो. प्रोजेस्टेरॉन चढलेलं असलं तर बीज फुटलं, एवढंच कळतं. गरोदर आहे की नाही ते कळत नाही.

आणि यूपीटी तीस तारखेला. त्याआधी नाही. हा मुद्दा पत्रकात मी जाड अक्षरात छापलाय. एचसीजीचं इंजेक्शन आणि यूपीटीची पट्टी जे शोधते ते, दोन्ही एकच हार्मोन. इंजेक्शनचं औषध दहा-चौदा दिवस अंगात राहू शकतं. बावीस तारखेला सायलीने पट्टी टाकली तर दोन रेघा येतील, घरभर पेढे वाटले जातील, आणि तीसला पाळी येईल. पाळी आली म्हणजे "गर्भ पडला" असा अर्थ लावला जातो. प्रत्यक्षात गर्भ नव्हताच, रेघ इंजेक्शनची होती.

पाचवी ओळ: "महिना वाया गेला असं कधी म्हणायचं?"

तीन गोष्टी होऊ शकतात. पहिली, सगळं झालं पण यूपीटी निगेटिव्ह. मग पाळी आल्यावर डॉक्टर बहुधा तोच डोस परत देतात, कारण त्या डोसला बीज आलं होतं. दुसरी, अकराव्या, चौदाव्या दिवशीही एकही फॉलिकल वाढलं नाही. म्हणजे डोस कमी पडला. पुढच्या वेळी ५, मग ७.५ मिलिग्रॅमपर्यंत नेतात. हे तुम्ही स्वतः वाढवायचं नाही. तिसरी, एकाऐवजी तीन-चार फॉलिकल मोठी झाली. तेव्हा डॉक्टर सांगतील की या महिन्यात संबंध टाळा किंवा कंडोम वापरा, कारण एकदम जास्त बाळं राहण्याचा धोका असतो. ऐकायला वाईट वाटतं, पण ऐका. २०१४ च्या त्या अभ्यासात गरोदर राहिलेल्या शंभर जणींत साधारण तिघी-चौघींना जुळं होतं. सोनोग्राफी चुकवली की कोणाला किती फॉलिकल आहेत हे कळतच नाही.

बीज येतंय, तरी पाच-सहा महिन्यांत काही नाही, तर तीच चिठ्ठी घेऊन परत माझ्याकडे येऊ नका. डॉक्टरांना पुढचं विचारा. गर्भनलिका मोकळ्या आहेत का ही तपासणी राहिली असेल तर ती आधी. नलिका बंद असेल तर बीज कितीही छान वाढलं तरी उपयोग नाही.

सहावी ओळ: "काय चालेल, काय चालणार नाही."

चालेल म्हणजे होऊ शकतं आणि जातं: डोकं दुखणं, अंगातून गरम वाफा, थकवा, मळमळ, पोट फुगल्यासारखं, सांधे जड. चक्कर किंवा झोप येते काहींना. पहिली गोळी रात्री घ्या, आणि सकाळी कसं वाटतंय ते बघूनच स्कूटी काढा. डोकेदुखीला पॅरासिटामॉल चालते. पेनकिलर मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नका. बीज फुटायच्या दिवसांत काही पेनकिलर त्याच्या आड येऊ शकतात.

मोबाईलवर वाचलेलं हाडं ठिसूळ होण्याचं प्रकरण रोज वर्षानुवर्षं घेणाऱ्या बायकांचं आहे. पाच दिवसांचं नाही.

चालणार नाही, म्हणजे त्याच दिवशी दवाखाना: पोट भराभर फुगणं आणि जोरात दुखणं, सारखी उलटी, लघवी कमी होणं, दम लागणं. छातीत दुखणं. एकाच पायाला सूज आणि दुखणं. आणि पुढे यूपीटी पॉझिटिव्ह आली किंवा पाळी चुकली, त्यात एका बाजूला ओटीपोटात तीव्र दुखतंय, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तर नलिकेत गर्भ राहिला असू शकतो. हे क्वचित होतं, पण तेव्हा सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा. फोनवर आणि दवाखान्यात गोळीचं नाव, शेवटची गोळी आणि इंजेक्शन कधी, हे सांगा.

शेवटची ओळ: "ही स्ट्रिप कोणाला देऊ नका."

जाऊबाईंना गुण आला, बहिणीलाही पीसीओडी आहे, दोन गोळ्या उरल्यात, देऊन टाकू. नको. तिची यूपीटी झालेली नाही, तिच्या नवऱ्याची तपासणी झालेली नाही, सोनोग्राफी कोण बघणार हे ठरलेलं नाही. ही चिठ्ठीवरच मिळणारी गोळी आहे.

तर एवढंच पत्रक. ऐकणाऱ्यांपैकी कोणी उद्या ही गोळी सुरू करणार असेल, तर आत्ताच फोनच्या नोट्समध्ये चार ओळी टाका: दिवस एकची तारीख, गोळ्यांच्या पाच तारखा, सोनोग्राफीच्या तारखा, यूपीटीची तारीख. डॉक्टरांसमोर बसलात की तोच स्क्रीन पुढे करा. आणि ऐकणारे नवरे असतील तर त्यांनीही आपल्या फोनमध्ये याच चार ओळी लिहून ठेवा, शेजारी आपली शिफ्ट लिहा.

पुढच्या भागात थायरॉइडची गोळी सकाळी चहाआधी का, हे बघू. भेटू.